भुताला नियम असतात, बाबाला नसतात

भूत असतं की नसतं, या वादात मी कॉलेजपासून आहे आणि बहुतेक वेळा जिंकलोही आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या घरात अकरा दिवस हाच वाद चालला. तेव्हाही जिंकलो. त्या अकरा दिवसांत माझी मोठी बहीण जवळपास झोपली नाही, तिला तीन ठिकाणी फिरवून आणलं गेलं आणि एका ठिकाणी तिच्या तोंडासमोर मिरच्यांचा धूर केला गेला. म्हणून हा लेख वाद जिंकण्यासाठी नाही. मला सांगायचंय ते इतकंच, की आपण सगळे, म्हणजे मानणारे आणि न मानणारे, चुकीच्या प्रश्नावर भांडत बसतो. आणि आपण भांडत असतो तेव्हा बाबाचा धंदा बिनबोभाट चालू राहतो.

आधी काय झालं ते सांगतो.

ताई घाटकोपरला राहते, आम्ही मुलुंडला. तिचं पहिलंच बाळंतपण. मुलगी झाली, सगळं नीट. चौथ्या दिवसापासून ताईची झोप उडाली. आई म्हणाली, बाळ रडतं, उडणारच. पाचवीच्या रात्री पाटा-वरवंटा पुजला, सटवाई बाळाच्या कपाळावर नशीब लिहायला येते म्हणून घरातल्या बायका जाग्या राहिल्या. त्या रात्री दोन वाजता ताई शांतपणे म्हणाली, की हे बाळ तिचं नाही, तिचं बाळ बदललंय आणि बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनमधून कुणीतरी तिला तसं सांगतंय. सकाळी ती एकदम बरी वाटली. दुपारी पुन्हा तेच. नंतर भावोजींना ओळखेना.

शेजारच्या काकूंनी आईला एक पत्ता दिला. तिथल्या बाबाने ताईला समोर बसवलं, लिंबू फिरवलं आणि सांगितलं, की सोसायटीच्या मागच्या पिंपळावरच्या मुंजाने धरलंय. पाच हजार शंभर रुपये. मिरच्यांचा धूर तिथलाच. फरक पडला नाही तेव्हा भावोजींच्या ओळखीतल्या कुणीतरी दुसऱ्या माणसाकडे नेलं. तो एका दर्ग्याच्या गल्लीत बसायचा. दर्ग्याशी त्याचा काही संबंध नव्हता हे नंतर कळलं. तो म्हणाला, जिन्न आहे, आणि घरातल्याच एका बाईने करून पाठवलाय. तावीज, अकरा हजार, आणि एकवीस दिवस कुठलंही औषध नाही. तिसरी जागा बोरिवलीतला एक भाड्याचा हॉल. तिथे रविवारी प्रार्थनासभा भरायची. तिथे सांगितलं, की हा सैतानाच्या सैन्यातला दुष्टात्मा आहे, घरातले देव काढून टाका.

बाई एकच, लक्षणं तीच, आठवडाही तोच. निदानं मात्र तीन. मी दिवसभर सॉफ्टवेअर तपासतो. एकाच बिघाडाला तीन चाचण्यांनी तीन वेगवेगळी नावं दिली आणि ते नाव बिघाडावर नाही तर चाचणी कुठे बसवली आहे यावर ठरत असेल, तर आम्ही त्या चाचण्या फेकून देतो. ताईला काय झालंय हे तिच्याकडे बघून ठरलंच नाही. आम्ही कुठल्या गल्लीत वळलो यावर ठरलं.

त्या दिवसांत मी काय करत होतो? फॅमिली ग्रुपवर अंधश्रद्धेविरुद्धचे व्हिडिओ टाकत होतो. आईला म्हणत होतो, ‘अगं, भूत-बित काही नसतं.’ आई म्हणायची, ‘मग तिला काय झालंय ते तू सांग.’ ते मला सांगता येत नव्हतं. बाबाला येत होतं. चुकीचं का होईना, त्याच्याकडे उत्तर होतं, आणि आईचं ऐकून घ्यायला एक तास होता. माझ्याकडे लिंक होती.

कोण कुणाला धरतं?

ताई बरी झाल्यावर मी चिडून वाचायला लागलो. खोटं कशाला बोलू, या तिन्ही धर्मांची टर उडवायला मसाला मिळेल असंच मला वाटलं होतं. मिळालं उलटंच. या तीन माणसांनी ज्या परंपरांची नावं घेतली, त्या परंपरांतले मूळ नियम त्यांनीच मोडले होते.

‘सगळ्या धर्मांत भूत असतंच, फक्त नावं वेगळी’ असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. हे खरं नाही. मराठी माणसाचं भूत म्हणजे बहुधा मेलेला माणूस. मुंज झाली पण लग्नाआधी मेला तो मुंजा. बाळंतपणात गेलेली बाई ती अळवंतीण. इच्छा राहिली म्हणून अडकलेला तो समंध. आणि या सगळ्यांचा राजा वेताळ तर कोकणात कित्येक गावांचा देव आहे, त्याची जत्रा भरते. म्हणजे आपलं भूत हे एका अपुऱ्या राहिलेल्या आयुष्याचं नाव आहे.

इस्लाममधला जिन्न हा मेलेला माणूस नाहीच. कुराणानुसार ती वेगळीच निर्मिती, आगीपासून झालेली. फरिश्ते अल्लाची आज्ञा मोडत नाहीत. जिन्नांना मात्र माणसासारखी निवड करता येते. त्यांच्या नावाची एक अख्खी सूरा आहे, बहात्तरावी, आणि तिच्यात जिन्न स्वतःच सांगतात, की आमच्यातही काही नेक आहेत, काही नाहीत. त्यांचाही निवाडा होणार आहे. म्हणजे जिन्न हा हॉरर सिनेमातला राक्षस नाही, आपल्यासारखाच एक जबाबदार प्राणी आहे, फक्त दिसत नाही.

कॅथलिक शिकवणीत दुरात्मा म्हणजे देवाविरुद्ध बंड केलेला देवदूत. तोही मेलेला माणूस नव्हे. मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची असते, त्यांना हाकलायचं नसतं. याचं उदाहरण माझ्या ऑफिसच्या कुंपणातच आहे. अंधेरीच्या सीप्झमध्ये सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे अवशेष आहेत. पोर्तुगीज जेझुइटांनी ते १५७९ मध्ये बांधलं. १८४० मध्ये साथ आली, वस्ती उठली आणि लोक मरोळला नवं चर्च बांधून राहिले. १९७३ मध्ये त्या भागात सीप्झ आलं आणि जुनं चर्च कंपन्यांच्या मधोमध अडकलं. आज मोबाइलवर ‘मुंबईतली झपाटलेली ठिकाणं’ शोधलं की ते हटकून दिसतं. माझ्या टीममध्ये मरोळचा एक ईस्ट इंडियन मित्र आहे. तो या रील्सवर जाम वैतागतो. ‘आमचे आजे-पणजे तिथे प्रार्थना करायचे,’ तो म्हणतो. ‘वर्षातून एकदा आम्ही तिथे मिस्साला जातो. तुम्ही लोकांनी आमच्या पूर्वजांची भुतं केलीत.’

तर ‘कोण’ या पहिल्याच प्रश्नाला तीन परंपरा तीन वेगळी उत्तरं देतात. दुसरा प्रश्न आहे, ‘मग काय करायचं आणि कुणी करायचं?’ इथे मात्र त्या आश्चर्य वाटावं इतक्या एकमेकींच्या जवळ येतात. तिघीही ब्रेक लावतात.

पोथीतले ब्रेक

आपल्याकडून सुरुवात करू. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक भूतविद्या. हे ऐकून माझे विवेकवादी मित्र हसतात आणि बाबालोक खूश होतात. दोघांनीही पुढे वाचलेलं नसतं. चरकसंहितेत उन्मादाचे पाच प्रकार सांगितलेत. चार शरीरातल्या दोषांनी होणारे, पाचवा बाहेरून येणारा. पण त्या पाचव्याबद्दल बोलतानाच चरक बजावतो, की ज्याने स्वतःचं बिघडवून घेतलेलं नाही त्याला देव, गंधर्व, पिशाच्च, राक्षस कुणीही त्रास देत नाही. मूळ कारण माणसाच्या बुद्धीच्या चुकीत शोधा, देवांना आणि पिशाच्चांना दोष देऊ नका. सुश्रुत आणखी कडक आहे. हे ग्रह माणसांबरोबर राहत नाहीत, माणसांत शिरत नाहीत, आणि जे अज्ञानाने ‘शिरतात’ असं म्हणतात त्यांना भूतविद्येच्या क्षेत्रातूनच बाहेर काढा, असं तो म्हणतो. या एका वाक्यानुसार तो मिरचीवाला बाबा भूतविद्येतूनच बडतर्फ झाला.

इथे प्रामाणिक राहायला हवं. सुश्रुत लगेच पुढे सांगतो, की ग्रह नाही पण त्यांचे अनुचर शिरतात. आणि चरकाच्या म्हणण्यात रुग्णालाच दोषी ठरवण्याची सोय आहे, ती मला मान्य नाही. माझ्या बहिणीने कुठलीही चूक केली नव्हती. मी या ग्रंथांना आजचं मानसशास्त्र म्हणत नाही. माझा मुद्दा एवढाच, की दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचे वैद्यसुद्धा ‘अंगात कुणी शिरलंय’ हे वाक्य इतक्या सहज उच्चारू देत नव्हते. आमच्या बाबाने ते दोन मिनिटांत उच्चारलं.

आता दुसरा माणूस, जिन्नवाला. तो म्हणाला होता, की त्याच्या ताब्यातल्या जिन्नाने त्याला सांगितलं, करणी कुणी केली ते. कुराणात चौतिसाव्या सूरेत हजरत सुलेमानच्या मृत्यूचा प्रसंग आहे. जिन्न सुलेमानच्या हुकमाखाली कामं करत होते. सुलेमान काठीला टेकलेला असतानाच वारला आणि जिन्नांना ते कळलंच नाही. ते राबत राहिले. किड्याने काठी आतून खाल्ली, शरीर खाली कोसळलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. आणि तिथेच म्हटलंय, की जिन्नांना अदृश्याचं ज्ञान असतं तर ते त्या कष्टात राहिले नसते.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा जोरात हसलो. समोर उभा असलेला माणूस मेलाय हे ज्यांना कळलं नाही, ते घाटकोपरमध्ये लिंबू कुणी पुरलं हे सांगणार? अकरा हजार रुपयांचा दावा एका किड्याने खाल्ला. त्यातून सहीह मुस्लिम या हदीस संग्रहात स्पष्ट आहे, की भविष्य सांगणाऱ्याकडे जाऊन काही विचारलं तर चाळीस दिवसांची नमाज कबूल होत नाही. परंपरेत मान्य आहे ते कुराणातल्या आयती म्हणून फुंकर घालणं. जिन्न पाळून त्याच्याकडून माहिती काढणं हा त्या धर्मातच गुन्हा आहे. उलट, निवाड्याच्या दिवशी खुद्द सैतान माणसांना म्हणतो, की माझी तुमच्यावर सत्ता नव्हती, मी फक्त हाक मारली आणि तुम्ही आलात, आता मला नाही, स्वतःला दोष द्या. ते चौदाव्या सूरेत आहे. चरकाची आठवण येते ना?

तिसरी बाजू चर्चची. येशूने भुतं काढल्याचे प्रसंग शुभवर्तमानांत आहेत, त्यामुळे कॅथलिक चर्च हा विषय नाकारत नाही. पण १६१४ सालच्या रोमन विधिग्रंथात भूत काढणाऱ्या धर्मगुरूला पहिलीच सूचना काय आहे? कुणाला भूत लागलंय यावर सहजासहजी विश्वास ठेवू नकोस, आजाराने पछाडलेला आणि भुताने पछाडलेला यांतला फरक ओळख. १९८३ च्या चर्चकायद्यात ११७२ क्रमांकाचं कलम आहे. बिशपांच्या स्तरावरची खास आणि स्पष्ट परवानगी घेतल्याशिवाय कुणालाही हा विधी करता येत नाही, आणि ती परवानगीही फक्त ज्ञानी, विवेकी आणि सचोटीच्या धर्मगुरूलाच द्यायची. बोरिवलीच्या त्या हॉलमधला माणूस कॅथलिक नव्हता, त्याच्यावर हे कलम लागू नव्हतं. त्याच्यावर कुणाचंच काही लागू नव्हतं. नेमका तोच प्रश्न आहे.

हे ब्रेक प्रत्यक्षात कसे लागतात ते मी पाहिलं. तिसऱ्या ठिकाणानंतर आई म्हणाली, ‘आता चर्चच्या फादरकडे नेऊ, त्यांना येतं म्हणे.’ माझा तो मरोळचा मित्र आम्हाला त्याच्या ओळखीतल्या एका वयस्क फादरकडे घेऊन गेला. मी भांडणाच्या तयारीत होतो. फादरनी ताईकडे पाहिलं, तिला पाणी दिलं आणि आईला मराठीत विचारायला लागले. किती दिवस झोपली नाही? पहिलंच बाळंतपण का? आधी कधी असं झालं होतं? घरात कुणाला? बाळाला एकटीकडे ठेवता का? आणि शेवटी, ‘डॉक्टरांनी काय सांगितलं?’

आई म्हणाली, ‘डॉक्टरांना अजून नाही दाखवलं, फादर.’

‘मग आजच न्या. उद्या नाही, आज. मानसोपचारवाला डॉक्टर असेल अशा हॉस्पिटलात. प्रार्थना मी इथून करतो, तिला त्यासाठी इथे बसायची गरज नाही.’

अकरा दिवस मी जे करू शकलो नव्हतो ते त्या माणसाने पाच मिनिटांत केलं. भूत असतं की नसतं यावर तो एक शब्द बोलला नाही. त्याच संध्याकाळी ताईला दाखल केलं.

तिला जे झालं होतं त्याला प्रसूतीनंतरचा सायकोसिस म्हणतात. हजार बाळंतिणींमागे एक-दोघींना होतो. बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होतो. झोप उडणं, गोंधळ, मधेच बरं वाटून पुन्हा बिघडणं, आवाज ऐकू येणं, बाळाबद्दल भलत्याच खात्र्या ही त्याची लक्षणं. आणि ती तातडीची अवस्था आहे, कारण आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. डॉक्टर म्हणाल्या, वेळेत आलं तर बहुतेक बाया पूर्ण बऱ्या होतात.

मला नंतर एक गोष्ट सुचली. बाळंतिणीला पहिले दहा-बारा दिवस एकटं सोडू नका, पाचवीला रात्रभर जागं राहा, या काळात बाहेरचं काही धरतं, असं आपल्या आज्या सांगायच्या. त्यांनी दिलेलं कारण आपल्याला पटणार नाही. पण हे दिवस धोक्याचे, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. आईने ती जागरणाची चाल पाळली, म्हणून तर ताईचं बोलणं रात्री दोन वाजता कुणाच्या तरी कानावर पडलं. चूक तिथे झाली नाही. चूक दुसऱ्या दिवशी सकाळी, पत्ता विचारताना झाली.

फक्त पोथीवर भागत नाही

आता कुणी म्हणेल, की मग सगळं ‘चांगल्या’ धर्मगुरूंवर सोपवा. नाही. या मोहाला उत्तर म्हणून एकच नाव पुरेसं आहे: ॲनेलीझ मिशेल. जर्मनीतली कॅथलिक मुलगी, फेफऱ्यासाठी उपचार घेत असलेली. १९७५ मध्ये बिशपांनी रीतसर परवानगी दिली. दोन धर्मगुरूंनी दहा महिन्यांत सदुसष्ट वेळा तिच्यावर विधी केला. या काळात वैद्यकीय उपचार थांबले, तिने खाणं सोडलं आणि १ जुलै १९७६ रोजी, तेविसाव्या वर्षी, ती कुपोषणाने मेली. १९७८ मध्ये न्यायालयाने आईवडील आणि दोन्ही धर्मगुरूंना निष्काळजीपणाने मृत्यूला कारण ठरल्याबद्दल दोषी धरलं. कलम पाळलं होतं, परवानगी होती. डॉक्टर नव्हता. चर्चने १९९९ मध्ये नवा विधिग्रंथ काढला, त्यात आजाराशी गल्लत करू नका हे पुन्हा बजावलं आहे.

आपल्याकडचं उदाहरण याहून मोठं आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडी इथे, दर्ग्याच्या आसपास चालवलेल्या एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. मनोरुग्णांना साखळीने बांधलेलं होतं. त्यांना पळता आलं नाही. अठ्ठावीस जण गेले.

म्हणून कायदा लागतो. महाराष्ट्रात तो आहे, आणि त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा केला. आपण त्याला जादूटोणाविरोधी कायदा म्हणतो आणि न वाचताच त्यावर मतं ठेवतो. मीही ठेवत होतो. वाचल्यावर जाणवलं, की हा कायदा भूत आहे की नाही या वादात पडतच नाही. तो विचारतो, तुम्ही केलं काय? भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने वा साखळीने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, केस उपटणं, चटके देणं हा गुन्हा. अमुक बाई करणी करते असं सांगून तिचं जगणं अवघड करणं हा गुन्हा. भुताची भीती घालून माणसाला औषधोपचारापासून रोखणं हा गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, शिवाय पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड, आणि गुन्हा अजामीनपात्र. ज्या विधींनी कुणाला इजा होत नाही वा कुणी लुबाडलं जात नाही, त्यांना तो हात लावत नाही. पाचवी पुजा, दृष्ट काढा, वारीला जा, कायदा तुमच्या वाटेला येणार नाही.

आमची यादी तपासा. धुरी: पहिला माणूस. ‘घरातल्याच बाईने केलंय’ आणि ‘एकवीस दिवस औषध नाही’: दुसरा माणूस. त्या एका वाक्यामुळे आई दोन महिने ताईच्या जावेशी बोलली नव्हती, हे वेगळंच. या गोष्टी सोळाशे चौदाच्या विधिग्रंथातही बसत नाहीत, सुश्रुतातही नाही, कुराणातही नाही आणि २०१३ च्या कायद्यातही नाही. इतक्या वेगळ्या चार कागदांवर बाद ठरलेला माणूस आजही लोकलच्या डब्यात दाराशेजारी स्टिकर लावून ‘चोवीस तासांत काम’ असं लिहितो, आणि आपण त्या स्टिकरचा फोटो काढून मीम बनवतो.

आम्ही पोलिसांत गेलो का? नाही. ताई घरी आल्यावर भावोजी म्हणाले, आता तो विषय नको. मीही जोर केला नाही. हा लेख लिहिताना मला त्याची लाज वाटते आहे.

माझ्या विवेकवादी मित्रांना हे सगळं तडजोड वाटेल. ‘म्हणजे भूत मानणाऱ्याला त्याच्याच पोथीतून समजवायचं? त्यापेक्षा पोथीच सोडायला सांग.’ सांगा की, वेळ असेल तेव्हा जरूर सांगा. पण रात्री दोन वाजता, बाळाला ‘हे माझं नाही’ म्हणणारी बाई समोर असताना, तिच्या आईची पन्नास वर्षांची श्रद्धा बदलायला तुमच्याकडे किती तास आहेत? गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा गावी मीरा दातारचा दर्गा आहे. भूतबाधेसाठी लोक तिथे दुरून येतात. तिथे ‘दवा आणि दुआ’ नावाचा उपक्रम उभा राहिला. आजार कसा ओळखायचा हे दर्ग्यातल्या मुजावरांना शिकवलं, आणि ते लोकांना दुआ देऊन त्याच आवारातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायला लागले. डॉक्टरांनी मुजावरांना खोटं ठरवलं असतं तर एकही रुग्ण पोचला नसता. आमच्या फादरनी वेगळं काय केलं?

ताईला त्या दिवसांतलं फारसं आठवत नाही. आवाज आठवत नाहीत, बाळाबद्दल काय बोलली ते आठवत नाही. मिरचीचा धूर आठवतो. आणि एक गोष्ट ती मला मागच्या दिवाळीत म्हणाली. ‘ते सारखं विचारायचे, तू कोण आहेस, नाव सांग. मी माझं नाव सांगायची. तर म्हणायचे, खोटं बोलतोय, अजून धूर घाला. मग मी एक दुसरंच नाव सांगितलं. तेव्हा थांबले.’

पहिल्या बाबाने आम्हाला अभिमानाने सांगितलं होतं, की भुताने नाव कबूल केलं.

आई अजूनही नातीची मीठ-मोहरीने दृष्ट काढते. मी वाद घालत नाही. ताईची पुढची तपासणी कधी आहे हे घरात सगळ्यांत आधी तिलाच आठवतं. तुमच्या घरात, बिल्डिंगमध्ये, ऑफिसात कुणी ‘तिला बाहेरचं झालंय’ म्हणालं, तर हसू नका आणि भूत नसतं हे सिद्धही करत बसू नका. ती किती दिवस झोपली नाही ते विचारा. औषध बंद करायला कुणी सांगितलंय का, कुणी तिच्या अंगाला हात लावलाय का, घरातल्याच कुणाचं नाव घेतलंय का, ते विचारा. यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ आलं, तर तो माणूस त्याच्या धर्माचाही नाही आणि कायद्याचाही नाही. मग रिक्षा बोलवा आणि हॉस्पिटलात जा. भुताचं काय ते नंतर बघू. ते कुठेही पळून जात नाही.